खरी अटक चारचौघांत होते

ही पोस्ट लांब आहे. घरात कुणी निवृत्त माणूस असेल, किंवा कुणाच्या खात्यात नुकतेच फंडाचे, जमिनीच्या मोबदल्याचे पैसे आले असतील, तर वेळ काढून वाचा. जमलं तर त्यांना मोठ्यानं वाचून दाखवा. ज्यांची ही गोष्ट आहे त्या गुरुजींना विचारूनच लिहितोय. त्यांचं नाव देणार नाही. सिरोंचा काही मोठं गाव नाही, ओळखणारे ओळखतील. त्यांनी ते मनातच ठेवावं, एवढी विनंती.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. दुपारी एक-दीडची वेळ. पावसानं रेंज गेली होती. आमच्याकडे यात नवल काही नाही. पाऊस वाढला की आधी लाईट जाते, मग नेटवर्क जातं. मी गाडी लावून एका टपरीच्या शेडखाली उभा होतो, तर समोरून गुरुजी येताना दिसले. अंगात बनियन, पायात चप्पल नाही, छत्री नाही, आणि हातातला मोबाईल डोक्याच्या वर धरलेला. ज्या माणसाला मी आयुष्यात कधी इस्त्रीच्या शर्टाशिवाय घराबाहेर पाहिलं नाही, तो माणूस भर पावसात रेंज शोधत रस्त्यावर फिरत होता.

मी हाक मारली. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"बोलू नको. ते ऐकून राहिले."

"गुरुजी, फोन तर बंद आहे. रेंजच नाही कुणाला."

"बंद झाला म्हणूनच तर. कॉल कटला की पकडायला निघतो म्हणाले होते."

त्यांना बाकावर बसवून चहा हातात द्यायला मला वीस मिनिटं लागली. मग तुकड्यातुकड्यांत जे बाहेर आलं ते असं.

आदल्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास एक फोन आला. आधी रेकॉर्ड केलेला आवाज, की तुमचा मोबाईल नंबर दोन तासांत बंद होणार आहे, माहितीसाठी नऊ दाबा. गुरुजींनी दाबलं. पलीकडे एक पोरगा होता. हिंदीत सांगू लागला, तुमच्या आधारवर मुंबईत दुसरं सिम घेतलंय, त्यावरून लोकांना घाणेरडे मेसेज गेलेत. मी तुमचा फोन मुंबई पोलिसांना जोडून देतो, तिथं तक्रार करा. फोन 'जोडला' गेला. तिथल्या 'इन्स्पेक्टर'नं व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉल करायला लावला. पडद्यावर खाकी गणवेश, मागे तिरंगा, भिंतीवर पोलिसांचं बोधचिन्ह. वॉकीटॉकीचा आवाजसुद्धा येत होता. मग निघालं की नुसतं सिमच नाही, गुरुजींच्या आधारवर बँकेत खातंही उघडलंय, आणि त्यातून मनी लाँडरिंगचे पैसे फिरलेत. पंधरा मिनिटांत व्हॉट्सॲपवर अटक वॉरंट आलं. त्यावर गुरुजींचं नाव, आधार क्रमांक, सुप्रीम कोर्टाचा शिक्का.

"आप डिजिटल अरेस्ट में हैं." कॅमेरा बंद करायचा नाही, खोलीबाहेर जायचं नाही, कुणाला सांगायचं नाही. ज्याला सांगाल त्यालाही आरोपी करू.

दुपारनंतर 'सीबीआयचे मोठे साहेब' आले. ते मात्र गोड बोलणारे. तुम्ही शिक्षक माणूस, तुम्ही निर्दोष आहात हे मला दिसतंय, मी तुमचं नाव लवकर मोकळं करायला बघतो म्हणाले. गुरुजी मला म्हणाले, "त्या माणसाच्या मी पाया पडलो रे, फोनवरच." रात्रभर मोबाईल चार्जिंगला लावून खुर्चीवर उभा केलेला, कॅमेरा खाटेकडे. मोठ्या साहेबांनी एकच गोष्ट बारकाईनं विचारली होती. कोणत्या बँकेत किती आहेत, एफडी किती, कधीची.

दुसऱ्या दिवशी सकाळी बँक उघडल्या उघडल्या गुरुजींनी 2 लाख 40 हजार रुपये आरटीजीएस केले. मोबाईल शर्टाच्या खिशात, कॅमेरा बाहेर, कॉल चालू. काउंटरवरच्या मुलानं विचारलं होतं, गुरुजी, एवढे कुणाला? गुरुजींनी शिकवलेलं उत्तर दिलं, "पोरीच्या घरासाठी." दुपारी तीनला नऊ लाखांची एफडी मोडायची होती. आणि दीडच्या आत पावसानं रेंज नेली.

एरवी आपण टॉवरवाल्यांना शिव्या देतो. त्या दिवशी त्या टॉवरनं नऊ लाख वाचवले.

मी पत्रकार. डिजिटल अरेस्टच्या बातम्या मी स्वतः टाकल्यात. पंतप्रधान 27 ऑक्टोबर 2024 च्या 'मन की बात'मध्ये यावर बोलले, तीही बातमी मी केली होती. फोन लावला की रिंगच्या आधी सावधगिरीचा आवाज येत होता, तो तर सगळ्यांनी ऐकलाय. मी गुरुजींना विचारलंच, तुम्ही ऐकलं नव्हतं का हो?

"ऐकलं होतं ना. पण ते चोरांविषयी होतं. माझ्यासमोर तर साहेब होते."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. आम्ही बातमीत 'ठगांपासून सावध' लिहितो. ज्याला फोन येतो त्याला समोर ठग दिसतच नाही, त्याला साहेब दिसतो. त्यामुळे 'सावध राहा' सांगून काही होत नाही. साहेब खरा की खोटा, हे त्या भीतीतसुद्धा ओळखता येईल अशी खूण लागते.

ती खूण मला गुरुजींच्या घरीच सापडली. संध्याकाळी काकू म्हणाल्या, "मला वाटलं शाळेचं काही ऑनलाइन काम असेल. साहेब लोकांशी बोलून राहिले म्हणून मी टीव्हीसुद्धा लावली नाही. ताट दाराशी ठेवलं." दीड दिवस नवरा एका खोलीत 'अटकेत' आणि बायको त्याच घरात, तिला पत्ता नाही.

आता मुंबईची गोष्ट सांगतो, कारण ती याच साच्यातली आहे. दक्षिण मुंबईतल्या 86 वर्षांच्या एका आजींना 26 डिसेंबर 2024 ला असाच फोन आला. सीबीआयचा अधिकारी बोलतोय, तुमच्या नावच्या खात्यातून काळा पैसा फिरलाय, तुमच्या मुलीलाही अटक होईल. आजी घरातच राहिल्या आणि पैसे पाठवत राहिल्या. दर तीन तासांनी फोन करून त्या घरीच आहेत ना याची खात्री केली जायची. चौकशी झाली की पैसे परत मिळतील, असं सांगितलं होतं. 3 मार्च 2025 पर्यंत 20 कोटी 25 लाख रुपये गेले. हे थांबलं कशामुळे? घरकाम करणाऱ्या बाईंच्या लक्षात आलं की आजी फक्त जेवायला खोलीबाहेर येतात आणि आत कुणावर तरी ओरडतात. त्यांनी ते आजींच्या मुलीला सांगितलं. पोलिसांना खात्यांमधून गोठवता आले सुमारे 77 लाख.

एवढी मोठी मुंबई, एवढी खाती, एवढ्या बँका. पकडलं ते घरात वावरणाऱ्या एका माणसाच्या नजरेनं.

म्हणजे या धंद्याचं खरं हत्यार गणवेश नाही, वॉरंट नाही, शिक्का नाही. 'कुणाला सांगू नका' हे त्यांचं हत्यार आहे. आणि नेमकं इथंच ते कायद्याच्या बरोबर उलट वागतात. 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तिच्यात अटकेची पद्धत दिली आहे, आणि जुन्या कायद्यातही ती जवळजवळ अशीच होती. अटक करणारा अधिकारी समोर असावा लागतो. माणूस प्रत्यक्ष ताब्यात घ्यावा लागतो, किंवा त्यानं स्वतः ताब्यात यावं लागतं. अधिकाऱ्याच्या छातीवर नाव स्पष्ट वाचता येईल असं हवं. अटकेचा पंचनामा जागीच लिहायचा, आणि त्यावर घरातल्या माणसाची किंवा गावातल्या एखाद्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही घ्यायची. ही झाली कलम 36 ची गोष्ट. अटक का केली आणि कुठं ठेवलंय, हे नातेवाइकाला किंवा मित्राला कळवायचं, हे कलम 48. आणि प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यासमोर उभं करायचं, हे कलम 58.

हे सगळं एकत्र वाचा. खरी अटक कायद्यानंच चारचौघांत करावी लागते. घरच्यांना सांगणं पोलिसांवर बंधनकारक आहे. जो म्हणतो घरच्यांना सांगू नका, तो पोलीस असूच शकत नाही. कलमं लक्षात राहिली नाही तरी चालेल, एवढं वाक्य पाठ करा.

इथं थोडं थांबून एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण व्हॉट्सॲपवर फिरणारे मेसेज अर्धवट असतात. 'पोलीस कधीच फोन करत नाहीत' असं त्यात लिहिलेलं असतं. करतात की. आपल्या भागात तर करतातच. पासपोर्टची चौकशी असो, कुठल्या भांडणाची तक्रार असो, ठाण्यातून फोन येतो. पण तो फोन शेवटी एका जागेवर संपतो. अमुक ठाण्यात या, अमुक साहेबांना भेटा. तुम्ही भाऊ, शेजारी, वकील, कुणालाही घेऊन जाऊ शकता. ठगाच्या फोनला जागाच नसते. तो फोनमध्ये सुरू होतो आणि फोनमध्येच राहतो. आणि चौकशीला हजर राहण्याची कलम 35 ची नोटीस पोलिसांनी व्हॉट्सॲपवर बजावायची नाही, असं सुप्रीम कोर्टानं जानेवारी 2025 मध्ये सांगितलंय. त्यामुळे मोबाईलवर आलेला शिक्क्याचा कागद कितीही खरा दिसला तरी त्याला भ्यायचं कारण नाही. शिक्का कॉम्प्युटरवर दहा मिनिटांत होतो.

तसंच कोर्टाचं. व्हिडिओवर सुनावणी होतच नाही, हेही खरं नाही. होते. म्हणून तर लुधियानाच्या वर्धमान समूहाचे एस. पी. ओसवाल ऑगस्ट 2024 मध्ये फसले. त्यांना चक्क सुप्रीम कोर्टाची खोटी सुनावणी दाखवली, तेव्हाचे सरन्यायाधीश म्हणून कुणी तरी बसलं होतं, आणि सात कोटी गेले. एवढा मोठा उद्योग चालवणारा माणूस. तेव्हा गुरुजींना कुणी बावळट म्हणू नये. फरक ओळखायचा तो एवढाच, की खऱ्या सुनावणीत न्यायाधीश तुमच्याकडे पैसे मागत नाहीत, आणि 'तपासणीसाठी' तुमची एफडी कुठल्या खात्यात ठेवायला सांगत नाहीत.

पैशाकडे येतो, कारण दुसरी पक्की खूण तिथंच आहे. मी गुरुजींची आरटीजीएसची पावती हातात घेतली. पैसे घेणाऱ्याच्या नावापुढे एका ट्रेडर्सचं नाव होतं. मी विचारलं, गुरुजी, हे काय, सीबीआयचं दुकान आहे का? त्यांनी पहिल्यांदाच ते नाव नीट वाचलं. फोनवर त्याला 'सरकारचं व्हेरिफिकेशन खातं' म्हटलं होतं. सरकारला पैसे भरायचे तर चलन असतं, पावती असते, डोक्यावर खात्याचं नाव असतं. निर्दोष आहात हे तपासायला तुमचे पैसे आधी जमा करून घेणारं खातं भारतात कुठंच नाही. पोलिसांना एखाद्या खात्यातल्या पैशावर संशय आला तर ते बँकेला लिहून ते खातंच गोठवतात. पैसे जागचे हलत नाहीत. इथं मात्र हलवायची घाई असते.

आणि तिसरी खूण, जी माझ्या मते सगळ्यात मोठी. बँकेत काय सांगायचं ते त्यांनी शिकवून ठेवलं होतं. 'पोरीच्या घरासाठी'. जो साहेब तुम्हाला बँकेत खोटं बोलायला शिकवतो, तो कुठला साहेब? गुरुजींनी चाळीस वर्षं पोरांना खोटं बोलू नका म्हणून शिकवलं. ते मला म्हणाले, "काउंटरवर खोटं बोललो तेव्हा जीभ अडखळली होती. तेव्हाच थांबायला पाहिजे होतं." बँकेत काम करणाऱ्या मित्रांनो, हे तुमच्यासाठीही आहे. म्हातारा माणूस खिशात चालू फोन ठेवून एफडी मोडायला आला, घाबरलेला दिसला, तर उत्तर ऐकून सोडून देऊ नका. केबिनमध्ये बसवा, फोन बाजूला ठेवायला सांगा, पाणी द्या, घरी फोन लावा.

त्या दुपारी पुढं काय झालं ते सांगतो. 1930 हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर. पण रेंजच नाही तर लावणार कुठून? म्हणून मी गुरुजींना ठाण्यात नेलं. ते दारातच थांबले. पाय उचलेना. "आत गेलो की मला ठेवून घेतील." आतल्या साहेबांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, नाव विचारलं आणि म्हणाले, "गुरुजी, तुमच्यावर कुठंच काही नाही. बसा निवांत." गुरुजी रडले. दीड दिवस खोट्या पोलिसांच्या भीतीनं जे डोळ्यांत दाटून होतं, ते खऱ्या पोलिसासमोर बाहेर आलं.

संध्याकाळी रेंज आल्यावर 1930 लागला. तिथं विचारतात ते आधीच लिहून ठेवा. पैसे कोणत्या खात्यातून गेले, कोणत्या खात्यात, किती, किती वाजता, आणि पावतीवरचा किंवा एसएमएसमधला यूटीआर क्रमांक. माहिती घेतली की ती पुढच्या बँकेकडे जाते, आणि त्या खात्यात जे काही उरलं असेल त्यावर होल्ड लागतो. उरलं असेल तर. कारण पैसे एका खात्यात थांबत नाहीत. अर्ध्या तासात पाच खाती, मग पंचवीस, मग कुठं तरी रोख. म्हणून तास मोजायचे असतात. गुरुजींचे 2 लाख 40 हजारांपैकी 85 हजार होल्ड झाले. बाकी पुढं निघून गेले होते. होल्ड झालेले पैसेही दुसऱ्या दिवशी हातात पडत नाहीत. अर्ज, कागद, न्यायालयाचा आदेश, अशा फेऱ्या असतात. हे आधीच माहीत असलेलं बरं, नाही तर 'पैसे सोडवून देतो' म्हणणारा दुसरा ठग भेटतो. तक्रार cybercrime.gov.in वरही नोंदवता येते. पैसे गेले नसतील, नुसता फोन आला असेल, तरी तो नंबर कळवा.

आता पोरांसाठी दोन शब्द. ही जी पाच-पंचवीस खाती असतात ती कुणाची? आपल्यासारख्याच गावांतल्या पोरांची. 'तुझं खातं आणि एटीएम महिनाभर दे, कमिशन देतो' म्हणून घेतलेली. मुंबईच्या आजींच्या प्रकरणात ज्यांच्या खात्यांतून पैसे गेले त्यांतून पकडली गेलेली पोरंही विशीतली होती. फोन करणारे कुठं तरी लांब बसलेले असतात, कंबोडिया, म्यानमार, लाओस इथून अशा टोळ्या चालतात. ते सहज सापडत नाहीत. खातेदाराचा मात्र पत्ता बँकेत लिहिलेला असतो. पोलीस आधी त्याच्याच दारात येतात. आणि ती अटक खरी असते.

आपल्या भागात या फोनची भीती शहरापेक्षा जास्त बसते, असं मला वाटतं. इथं पोलिसांचं नाव निघालं की माणूस आधीच गप्प होतो. बंदुका, तपासण्या, कुणाला कधी उचललं, हे सगळं आपण वर्षानुवर्षं बघितलंय. कोणताही गुन्हा केलेला नसताना घाबरायची आपल्याला सवय आहे. गुरुजींना फोन करणाऱ्याला सिरोंचा नकाशावर कुठं आहे हेही माहीत नसेल, पण ही सवय त्याच्या कामाला आली. त्यात तो हिंदी-इंग्रजीत बोलतो, आपल्याकडची निम्मी माणसं तेलुगूत विचार करतात. कळलं नाही तरी पुन्हा विचारायची लाज. म्हणून असा फोन आला तर मराठीत किंवा तेलुगूत एकच सांगा, "मी ठाण्यात येऊन बोलतो," आणि फोन ठेवा. ठेवल्यावर काही होत नाही. गुरुजींचा फोन दुपारी दीडपासून बंद होता. सिरोंचात त्यांना पकडायला कुणी आलं नाही.

आणि घरच्यांनो, काकूंसारखं ताट दाराशी ठेवून परत फिरू नका. माणूस दार लावून फोनसमोर बसला असेल, कुजबुजत असेल, विचारलं तर चिडत असेल, तर आत जा. फोनच्या पडद्यासमोर उभं राहा आणि विचारा, "कोण बोलतंय?" मुंबईतल्या त्या बाईंनी जे केलं ते एवढंच होतं.

गुरुजी आता पुन्हा सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून चहाला येतात. मागच्या आठवड्यात त्यांना पुन्हा तसाच एक फोन आला, दुसऱ्या नंबरवरून. त्यांनी फोन स्पीकरवर टाकला, काकूंना हाक मारली, शेजारच्या दोघांना बोलावलं आणि म्हणाले, "बोला साहेब, आम्ही चौघं ऐकून राहिलो."

पलीकडून फोन कट झाला.